गोष्टीत नसलेली मुलगी

धाकटीचं निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या शब्दांना हात न लावण्यात गेलं होतं. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. वेलांटी चुकली तर दुरुस्त करायची, निसटलेला स्वल्पविराम पकडून जागेवर बसवायचा. पण लेखकाचं वाक्य कितीही लंगडत असलं तरी त्याला आपली काठी द्यायची नाही, हा तिथला नियम. तो तिच्या अंगात इतका मुरला होता की घरीसुद्धा थोरली बहीण बोलत असताना ती मध्ये तोंड घालत नसे.

थोरली म्हणजे ताई. नवरा गेल्यावर ती धाकटीच्या दोन खोल्यांत राहायला आली. शाळेतली नोकरी संपली, तरी शिक्षिकेचा आवाज काही संपला नव्हता. तरुणपणी तिने एकच गोष्ट लिहिली होती, पण ती एका मासिकात छापून आली आणि लोकांच्या लक्षात राहिली.

गोष्ट वडिलांची होती. त्यांचं आरशांचं दुकान होतं. जुन्या आरशांचा उडालेला पारा ते पुन्हा चढवून देत. आई गेली आणि त्यांनी दुकानातले सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवले. मग एका संध्याकाळी त्यांनी त्यातला एक सरळ केला. मागे त्यांची मुलगी उभी होती. गोष्टीचं शेवटचं वाक्य असं होतं : ‘आणि मग बाबांना माझ्यात आई दिसली.’ हे वाक्य लोक ताईला अजूनही म्हणून दाखवत आणि ताई मान किंचित झुकवून ते ऐकून घेई.

धाकटी एका हौशी नाटकमंडळात जात असे. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तालमी चालत. तिथे तिला सगळे ‘धाकट्या बाई’ म्हणत आणि हे नाव किती विचित्र आहे हे कुणाच्याच लक्षात येत नसे. दिग्दर्शक नाना एरवी औषधांच्या दुकानात बसायचे. एका रविवारी ते म्हणाले, “धाकट्या बाई, ताईंची ती आरशांची गोष्ट रंगमंचावर आणू या. रूपांतर तुम्ही करा.”

ताईने परवानगी दिली. पण दिली कशी, तर ताईसारखीच. “कर. मात्र माझा शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.”

धाकटीला हायसं वाटलं. शब्द इकडचा तिकडे न करणं तर तिच्या हातचा मळ होता. तिने एक सूत्रधार घेतला, ताईची वाक्यं त्याच्या तोंडी दिली, मध्येमध्ये कंसांत सूचना लिहिल्या आणि संहिता घेऊन हॉलवर गेली. वाचन झालं. वडिलांचं काम करणारे सुतारकाका एका पानावर बोट ठेवून बसले होते.

“बाई, इथं लिहिलंय, ‘वडिलांच्या मनात आठवणींचं मोहोळ उठतं.’ मोहोळ उठलं की मी उठायचं का बसायचं?”

सगळे हसले. धाकटीही हसली, पण तिचे कान तापले.

नाना हसले नाहीत. “हे नाटक नाही झालं, बाई. हे उभं राहून केलेलं वाचन झालं. कंसात एवढंच लिहा, जे शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल किंवा ऐकू येईल. मनातलं मोहोळ गोष्टीत चालतं. इथे ते कुणाच्या तरी हातात उतरलं पाहिजे, नाहीतर तोंडात.”

धाकटीने ताईची गोष्ट पुन्हा काढली आणि जे दिसतं, जे ऐकू येतं त्याच्याखालीच पेन्सिलीने रेघ मारत गेली. पानंच्या पानं कोरी राहिली. दुकान, दवाखाना, पूल, पुन्हा दुकान अशी गोष्ट फिरत होती. तिने सगळं दुकानात आणलं. दवाखाना फक्त बातमी होऊन दारातून आत आला, पूल गेलाच. वर्षभर पसरलेल्या गोष्टीचे तीन प्रवेश झाले. प्रत्येकाच्या डोक्यावर तिने स्थळ लिहिलं, वेळ लिहिली, पडदा उघडताना कोण कुठे आहे तेही लिहिलं. तेवढ्यापुरतं ते सोपं होतं.

अवघड होती ती ‘मी’. गोष्टीतली मुलगी पानोपानी मनाशी बोलायची. ते ती रंगमंचावर कुणाशी बोलणार?

छापखान्याच्या खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर येई आणि यंत्रांच्या धडधडीत धाकटीचे डोळे जड होत. त्या अर्धवट गुंगीत तिला दुकान दिसू लागलं. वडील काचेवर तोंडाची वाफ सोडून बाहीने पुसताहेत. गल्लीतून जाणाऱ्या सायकलीची चकाकी आरशात पडून छतावर माशासारखी पोहते आहे. तो मासा पकडायला कुणीतरी हात वर केला आहे, एक छोटासा हात. हात कुणाचा, हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. तिने समोरची मुद्रितं बाजूला सारली आणि लिहायला घेतलं.

प्रवेश दुसरा

(आरशांचं दुकान. संध्याकाळ. मागच्या भिंतीला टेकवलेले लहानमोठे आरसे, सगळे पाठमोरे. मोठी बहीण झाडते आहे. लहान बहीण काउंटरखाली, पाय बाहेर काढून बसली आहे.)

लहान : ताई, बाबांनी आरसे उलटे का केले?

मोठी : (झाडणं न थांबवता) काचेवर धूळ बसते म्हणून.

लहान : पाठीवर नाही बसत?

(मोठी थांबते. झाडू टेकवून ठेवते. लहानच्या केसांतली सुटलेली रिबीन सोडवते, पुन्हा बांधते.)

लहान : सरळ आलीय?

मोठी : मीच बघतेय ना. आता मीच तुझा आरसा.

घरी जाताना तिने तो प्रवेश नानांना त्यांच्या दुकानात दाखवला. मग घरी ताईने चष्मा लावून ते वाचलं. वाचून झाल्यावर कागद एकावर एक नीट जुळवून ठेवले.

“माझ्या गोष्टीत दोन मुली नव्हत्या.”

“घरात होत्या,” धाकटी म्हणाली.

आपण मध्ये बोललो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

ताईच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग काहीतरी वेगळंच आलं. “म्हणजे मी लिहिलं ते खोटं?”

“नाही गं. तुझ्या गोष्टीत तू मनात बोलतेस. तिथं दुसरं कुणी लागतच नाही. इथं समोर माणूस लागतं. मग कुणाला आणू?”

“शेजारीण आण,” ताई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

धाकटीने शेजारीण आणली. पुढच्या रविवारी तो प्रवेश वाचला गेला आणि नानांनी कपाळाला हात लावला. “ही बाई माहिती घ्यायला आत येते आणि माहिती मिळाली की जाते. ती बोलते कमी, विचारतेच जास्त. तिला ना दुःख, ना काही काम. बाई, आधीची बहीण कुठे गेली?”

“ताईला नको आहे.”

“मग?”

“मग गोष्ट तिची आहे, नाना. नाटक राहू द्या.” एवढं बोलून धाकटीने संहिता मिटली. नाना ऐकेनात. एकच रविवार द्या म्हणाले. बहिणीचा प्रवेश नुसता उभा करून बघू, मग ठेवून देऊ. हे धाकटीने ताईला जसंच्या तसं सांगितलं.

त्या रविवारी मंडळींपुढे वेगळाच पेच आला. सुतारकाकांनी खरा आरसा आणला होता. दिवा लावताच त्याचा झोत थेट खुर्च्यांवर पडला आणि सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. काकांनी सरळ काच काढून ठेवली आणि रिकामी चौकट रंगमंचाच्या कडेजवळ उभी केली. “मी पलीकडून बघतो, पोरगी अलीकडे राहील,” ते म्हणाले. “प्रेक्षकाला दोघं दिसतील.” नानांनी चौकट थोडी तिरकी केली, मोठीचं काम करणाऱ्या मुलीला अर्धवट वळवलं. आता दोघांचेही चेहरे दिसत होते, आणि मध्ये नसलेली काच हवेत थरथरल्यासारखी वाटत होती.

तेवढ्यात दार वाजलं. ताई आत आली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. कुणाला नमस्कार नाही, काही नाही.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. धाकटीने कंसात लिहिलं होतं : (वडील आरसा सरळ करतात. आरशात मोठी. ते थबकतात. खांद्यावरचं फडकं काढून पाठीमागे लपवतात. शर्टाचं वरचं बटण लावतात. हाताने केस बसवतात.)

सुतारकाकांनी हे सगळं सावकाश केलं. बटण त्यांच्या जाड बोटांना पटकन सापडेना. ते शोधत राहिले, पण नजर त्या मुलीवरून हलली नाही. हॉलमध्ये उन्हाचे पट्टे पडले होते. त्यांतले धूळकण तेवढे हलत होते.

“ते बटण मी लिहिलं नव्हतं,” मागून ताईचा आवाज आला.

धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली. “नाही. ते मला दिसलं होतं. काउंटरखालून.”

“आई बाहेरून आली की ते तसंच करायचे,” ताई म्हणाली. आवाजातली शिक्षिका कुठेतरी गेली होती. “फडकं लपवायचे. पण त्या दिवशी मी खाली बघत होते गं. मला वाटलं, ते मला बघून घाबरले. पुढे ते वाक्य लिहिलं, ते... ते मी आपलं तसं असावं म्हणून लिहिलं. खरंच दिसली होती का त्यांना?”

“तू तिथं होतीस आणि ते बटण लावत होते. मला एवढंच माहीत आहे.”

ताईने तिचा हात धरला. काकांना वाटलं तालीम थांबवायची. नानांनी हातानेच चालू ठेवायला सांगितलं. काकांनी पुढची ओळ म्हटली, “आणि मग मला तुझ्यात—” धाकटीने ताईचं ते प्रसिद्ध वाक्य एवढं बदलून वडिलांच्या तोंडी घातलं होतं. कथेतलं सगळं गेलं तरी ते जायला नको, म्हणून.

“काढा ते,” ताई मोठ्याने म्हणाली. “बटण लावलं ना त्यांनी? मग बोलायला काय उरलं?”

धाकटीने पेन्सिल उचलली, पण तिचा हात चालेना. शेवटी ताईनेच पेन्सिल घेतली आणि आपल्या हाताने त्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली. मग शेजारणीची पानं वेगळी काढून पिशवीत टाकली. “बहीण राहू दे,” ती म्हणाली. “आणि काउंटर जरा उंच करा. तिला खालून सगळं दिसायचं.”

प्रयोगाला हॉल भरला. जाहिरातीत दोघींची नावं एकाखाली एक होती. एकीपुढे ‘कथा’, दुसरीपुढे ‘नाट्यरूपांतर’. शेवटी काकांचं बटण लागलं, दिवा हळूहळू मावळला, आणि टाळ्या यायला इतका वेळ लागला की विंगेत नानांचा चेहरा पांढरा पडला. मग त्या आल्या आणि थांबेनात.

लोक गेल्यावर ताई संहिता उघडून बसली होती. पाठ्यपुस्तकातली चूक पकडावी तसा तिचा चेहरा झाला होता.

“धाकटे, हे चुकलंय. इथं ‘वडील उजवीकडून येतात’ असं आहे. ते तर डावीकडून आले.”

“उजवी बाजू नटाची धरायची, ताई. बघणाऱ्याची नाही.”

“असं होय?” ताई म्हणाली. तिला ते काही पटलं नाही. ती साडी सावरत पायऱ्या चढून रंगमंचावर गेली, मध्यभागी उभी राहिली, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून तिने एकदा इकडचा, एकदा तिकडचा हात उचलून बघितला.