अठरा अन् एकोणीस, एकतीस

मी मूळची तापट. कुणी सांगितलं “हे असं कर” की माझ्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. ती म्हणायची, हिला शिकवणाऱ्याला वेगळा पगार द्यायला पाहिजे. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला मला ज्यांनी शिकवलं त्या लॅबच्या सरांना कॉलेजनं वेगळं काही दिलं नाही. तरी त्यांनी मला शिकवलं, आणि त्याचं देणं माझ्या अंगावर अजून आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्ट घेतला कबड्डीचा गुणफलक. ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं कीट, त्याला जोडून प्लायवूडच्या बोर्डावर लांबून दिसतील असे दिव्यांचे आकडे. गुण झाला की बटण दाबायचं, आकडा वाढायचा. कीटवर प्रोग्राम लिहायचा म्हणजे एकेक कोड वहीत बघून हातानं दाबायचा, आणि लाईट गेली की सगळं पुसलं जायचं.

पहिल्याच चाचणीत आठावर दोन गुण चढवले आणि बोर्डावर दहाऐवजी ‘A’ उमटला; कीट सोळाच्या हिशोबात मोजतं, दहा ते पंधरा त्याच्या लेखी A ते F. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. सर म्हणाले, बेरजेच्या पाठोपाठ डीएए टाक, दशमान दुरुस्तीची ती एक आज्ञा बास आहे. मी विचारलं, ती करते काय? तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. झालं. जे कळलं न्हाय ते मी का म्हणून लिहू? मी माझंच डोकं चालवलं. एककाच्या जागी नवाच्या वरचं काही, म्हणजे अक्षर, आलं तर त्यात सहा मिळवायचे. ‘A’ मध्ये सहा मिळवले की बरोबर दहा उमटायचे. पाच-सहा ओळी लिहिल्या, अक्षरं गायब झाली आणि मी लई खूश झाले. सरांना सांगितलंसुद्धा नाही.

कॉलेजच्या मैदानावर शाळांच्या मुलींचे सामने होते. कीट लॅबबाहेर न्यायला विभागप्रमुखांचा ठाम नकार. सरांनी वहीत स्वतःच्या नावानं सही केली, तेव्हा कुठे ते बाहेर आलं.

सकाळचा उपांत्य सामना. कडोलीच्या बाजूच्या शाळेच्या पोरी एका अंगाला, शहरातल्या शाळेच्या दुसऱ्या. मध्यंतरानंतर संघ मैदानाची बाजू बदलतात, म्हणून मी दोन्ही डावांचे गुण वेगळे ठेवले होते आणि शेवटी एका बटणानं त्यांची बेरीज व्हायची. डावात एका वेळी एक-दोन, फार तर चार-पाच गुण चढायचे, तोवर माझ्या ओळी चोख चालल्या. सामना संपला, मी बेरजेचं बटण दाबलं. शहरच्या पोरी पस्तीस, कडोलीकडच्या एकतीस.

शहरच्या पोरींनी उड्या मारल्या. कडोलीकडची कप्तान मात्र जागची हलली नाही. काळीसावळी, गुडघे सोललेली पोर सरळ माझ्या टेबलापाशी आली.

“आक्का, आमचं अठरा आन् एकोणीस. सदतीस हुत्यात.”

खेळाच्या मास्तरांच्या गुण लिहिलेल्या कागदावरही सदतीसच होते. पण बोर्ड सगळ्या मैदानानं बघितला होता. मशीन कधी चुकतंय व्हय, असं म्हणत लोक मास्तरांच्याच अंगावर धावले. चांगला अर्धा तास कालवा चालला. शेवटी कागद मानला गेला आणि कडोलीकडच्या पोरी अंतिम सामन्यात गेल्या. विभागप्रमुख मात्र सरांना सगळ्यांसमोर म्हणाले, हा बोर्ड काढा आणि यापुढं तुमच्या सहीवर लॅबची एक वायरसुद्धा बाहेर जाणार नाही. सरांनी मान खाली घालून ऐकलं. अंतिम सामना चारला होता. तेवढी एक संधी द्या, असं सर म्हणाले, आणि विभागप्रमुख कसेबसे तयार झाले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

लॅबमध्ये गेल्यावर शिव्या खायची तयारी ठेवलेली. सरांनी माझ्या ओळी वाचल्या, पेन्सिल दिली आणि आठ अन् नऊ यांची बेरीज कीट करतं तशी करायला लावली. मी केली. सतरा म्हणजे सोळा आणि एक. सोळाचा हातचा पुढच्या घरात गेला, मागे उरला एक. दशकाचे दोन एक आणि हातचा मिळून तीन. एकतीस. अक्षर कुठे उमटलंच नव्हतं, मग माझ्या ओळी पकडणार काय, कप्पाळ!

सर कन्नड घरातले. माझ्यासाठी मराठीत बोलायचे, मध्येच कन्नड यायचं. ते म्हणाले, “नोडु तंगी, हे बघ, कीटच्या एका घरात सोळा खोल्या. आपण वापरतो दहा. पुढच्या घरात जाताना त्या सहा रिकाम्या खोल्या ओलांडायला पाहिजेत. अक्षर दिसलं तर चूक दिसते. पण हातचा निघून गेला तर मागे दिसणारा आकडा साधा असतो, आणि खोटा असतो.”

मग दाखवलं, की खालच्या आकड्यातून हातचा गेला हे कीटच्या आत एका बिटात नोंदलेलं राहतं. डीएए दोन्ही बघते. आकडा नवाच्या वर गेला का, आणि हातचा गेला का. यातलं काहीही झालं असलं की सहा मिळवते. दशकाच्या आकड्यालाही हाच न्याय. ती बेरजेला चिकटूनच हवी, नाहीतर मधल्या आज्ञा ती नोंद बदलून टाकतात. प्रोग्राम पुन्हा दाबताना मी माझ्या ओळींच्या पहिल्या जागी तिचा कोड २७ दाबला आणि उरलेल्या जागी काहीच न करणारी शून्यं भरली. अठरा अन् एकोणीस, सदतीस. मी तिथंच रडले. सर म्हणाले, मी त्या दिवशी समजावून सांगायला पाहिजे होतं, चूक माझी पण आहे. असं म्हणणारा मास्तर मला नंतर कुठे भेटला नाही.

चारला सामना सुरू झाला. कडोलीकडच्या पोरींचे पहिल्या डावात सतरा, दुसऱ्यात अठरा. समोरच्या निपाणीकडच्या पोरींचे दोन्ही डावांत एकोणीस-एकोणीस. बटणावर बोट ठेवलं. डोक्यात आपोआप दोन्ही बेरजा झाल्या होत्या. माझ्या जुन्या ओळींनी त्या कप्तानच्या संघाचे पस्तीस बरोबर दाखवले असते, कारण तिथं सात अन् आठ पंधरा, म्हणजे अक्षर येत होतं. पण एकोणीस अन् एकोणीस यांचे दाखवले असते बत्तीस. सकाळी जी चूक तिचा विजय हिरावायला निघाली होती, त्याच चुकीनं आता तो तिला दिला असता.

मी बटण दाबलं. पस्तीस, अडतीस.

सगळं मैदान आधी मास्तरांच्या कागदाकडं वळलं. ते काही बोलायच्या आत ती पोर घाम पुसत माझ्या टेबलाशी आली. डोळे भरलेले. बोर्डाकडं वर बघून तिनं ओठातल्या ओठात बेरीज केली आणि मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बरोबर हाय. मी मोजल्यात.”

मग कुणीच कागद मागितला नाही.