पश्चिमेच्या तेवीस पायऱ्या

अर्ज सोमवारी टपालात पडला आणि मंगळवारी सत्यशीला पेढे घेऊन हसनाबादेच्या बसमध्ये बसली. "अगं, अजून निकाल कुठं लागलाय?" असं तिची आई, पुष्पाबाई, दारातून म्हणत राहिली. पण पेढे निकालाचे नव्हतेच. ते रखमाजीकाकांचे होते.

सत्यशीला जालन्याची. आर्किटेक्टची पदवी घेऊन वर्ष झालं होतं. लोकांच्या बंगल्यांचे नगरपालिकेच्या मंजुरीचे नकाशे काढून देणाऱ्या एका कचेरीत ती बसायची. हॉल, किचन, दोन बेडरूम, वर पाण्याची टाकी. उद्या परत तेच. तिला ओढ होती जुन्या दगडी कामाची. त्यात २००२ च्या उन्हाळ्यात औरंगाबादच्या एका संस्थेची जाहिरात आली. जुन्या वास्तूंच्या नोंदीसाठी दोन शिकाऊ आर्किटेक्ट हवे होते, सहा महिन्यांसाठी. अर्जासोबत एक पत्र आणि स्वतः मोजून काढलेलं एक रेखाटन. मुदत शनिवारपर्यंत.

रेखाटन तिच्याकडे तयार होतं. हसनाबादेच्या अलीकडे एका वाडीत चौकोनी बारव आहे, चारी बाजूंनी पायऱ्या खाली उतरणारी. फेब्रुवारीत तिनं ती मोजली होती. रखमाजीकाका तिथले मेंढरंवाले, पन्नाशीच्या आतबाहेरचे. मेंढरं भावाच्या हवाली करून ते चार दिवस टेपचं दुसरं टोक धरून उन्हात बसले होते. पैसे विचारले तर म्हणाले, "पाण्याचं काम हाये ताई. त्याचा खर्चा घेत्यात व्हय?"

पत्र तिनं सात वेळा लिहिलं. इंग्रजी चांगलं साधलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: "या बारवेच्या चारही बाजू मी स्वतः टेपनं मोजल्या आहेत. जे जसं आहे ते तसंच कागदावर आणणं, हे मी नोंदीचं पहिलं कर्तव्य मानते."

काकांच्या अंगणात, लिंबाखाली, तिनं रेखाटनाची झेरॉक्स पसरली. काकांची बायको, उषाबाई, पदराला हात पुसत वाकून बघू लागली.

"अगं बया, किती साफ! खरी बारव बी इतकी साफ न्हाई."

काका कागदाभोवती उकिडवे फिरले. एका बाजूवर बोट ठेवून पुटपुटत मोजत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"ताई, ही पश्चिम हाये ना?"

"हो काका."

"एकोणीस भरून राह्यल्यात. पश्चिमेला तेवीस हायेत."

सत्यशीलेनं पेढ्यांचा पुडा उषाबाईंच्या हातात दिला आणि कागदावर वाकली.

"बहात्तर साली ती बाजू ढासळल्ती," काका सांगू लागले. "दुष्काळाच्या कामात पुन्हा बांधली. आमची माय दगड वाहून राह्यली व्हती. तिनं गवंड्याला अडवलं. म्हणे, तुझ्या ह्या उंच पायऱ्या डोक्यावर दोन हांडे घेऊन चढून दाव एकदा. मुकादम हसला, पर बायांनी पाट्या खाली ठेवल्या. मंग ठेंगण्या पायऱ्या बसवल्या. तवापासून बाया पश्चिमेनंच पाणी आणत्यात."

"मोजताना चुकलं वाटतं काका," सत्यशीला म्हणाली.

चुकलं नव्हतं. फेब्रुवारीत पश्चिमेच्या कमानीला आग्यामोहोळ लटकलेलं होतं आणि खालपर्यंत घाणेरीची झुडपं माजली होती. तीन बाजू झाल्यावर काकांनी विचारलंही होतं, "पश्चिम कवा मोजायची?" ती म्हणाली होती, "उद्या." तो उद्या आलाच नाही; नंतर कधीतरी तिनं एकटीनं मोजली असेल, असं काकांनी धरलं होतं. घरी टेबलावर तिनं पूर्वेचा ट्रेसिंगचा कागद उलटा करून ठेवला आणि त्यावरून पश्चिम गिरवली. पंधरा मिनिटांचं काम. कॉलेजात सर कानीकपाळी ओरडायचे, असायला हवं ते काढू नका, आहे ते काढा. तेच वाक्य तिनं पत्रात सजवून घातलं होतं.

"मोहोळ कवाच उडालं," काका म्हणाले. "आत्ता मोजून घेऊ जल्दी. व्हतंय मानसाकडून."

व्हतंय मानसाकडून. त्यापेक्षा त्यांनी रागवायला हवं होतं.

दुपार कलेपर्यंत दोघं पश्चिमेला होते. पूर्वेची पायरी दहा इंच उंच, ही सव्वाआठ. एकोणीस तिकडे, तेवीस इकडे, आणि खाली दोन्हींचा तळ बरोबर एका पातळीत. काका दर पायरीला टेप दगडाला टेकवून आकडा दोनदा वाचायला लावत होते. "बिलकुल बराबर लिवा ताई. मागल्या खेपेला टेप धराया म्या न्हवतो, माझंच चुकलं." ती मान खाली घालून लिहीत राहिली.

घरी आईनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "कोण जाणार आहे तिथं पायऱ्या मोजायला? संस्थेची माणसं?"

"कोणी नाही जाणार."

"मग?"

"बाया रोज मोजतात ना, आई. पायानं."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग सारखं काय विचारतेस मला?"

विचारलं तर सत्यशीलेनं काहीच नव्हतं.

दोन दिवस बसून तिनं नवं रेखाटन काढलं आणि दुसरं पत्र लिहिलं. हे एकाच बैठकीत उतरलं. "सोमवारच्या पत्रातलं एक विधान खोटं आहे. पश्चिम बाजू मी मोजली नव्हती. पूर्व बाजू उलटी करून गिरवली होती. मंगळवारी ती प्रत्यक्ष मोजली. मोजणीची कच्ची वही सोबत जोडली आहे. चारही बाजूंना टेपचं दुसरं टोक रखमाजी यांनी धरलं. पश्चिमेचा फरक त्यांनीच दाखवला." ते पत्र घेऊन तिनं शुक्रवारी औरंगाबाद गाठलं.

संस्थेत कौसल्या नावाच्या बाई अर्ज बघत होत्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पत्र वाचलं, दोन्ही रेखाटनं खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिली.

"पहिलं रेखाटन आम्ही वेगळं काढून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "चांगल्यांत."

"हो."

"आता दोन्ही पत्रं एकत्र जातील समितीपुढं. मला ते टाळता येणार नाही."

"टाळू नका."

निकाल जूनमध्ये आला. दोन नावं होती, त्यांत तिचं नव्हतं. पत्राच्या खाली हातानं लिहिलेली एक ओळ होती: दुसरं रेखाटन संस्थेच्या संग्रहात ठेवत आहोत, हरकत असल्यास कळवावे.

सत्यशीला पुन्हा वाडीला गेली. काका अंगणातल्या दगडी कुंडावर मेंढरांना पाणी पाजत होते. नाव लागलं नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला.

"म्या त्या दिवशी तोंड उघडाया नगं व्हतं. आमच्यामुळं तुमचं गेलं ताई."

ती कुंडाच्या कडेला टेकली.

"काका, मी मोजताना चुकले नव्हते. मी पश्चिम मोजलीच नव्हती. कागद उलटा करून गिरवला आणि मोजली म्हणून लिहून दिलं. संस्थेला खरं कळवलं. तुम्हाला नाही सांगितलं."

काकांनी एका कोकराला पाण्यापासून बाजूला केलं.

"मंग चार दिस मला टेप धरून कशाला बसवलं?"

"तुम्ही होतात म्हणून ते खरं काम वाटत होतं," ती म्हणाली.

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घराकडे बघून म्हणाले, "माय आत पडून हाये. पेढे आल्ते तवापासून साऱ्या गल्लीला सांगून राह्यली, माझ्या पायऱ्या औरंगाबादला गेल्या. तिला काय सांगू म्या?"

"गेल्यात काका. पण दुसऱ्या कागदावर. पहिल्या कागदाचं तुम्ही नका सांगू, मी सांगते."

ती उठली, कुंडावर भिजलेला ओढणीचा काठ पिळला, आणि काकांच्या मायला, गोपिकाबाईंना, ते सांगायला खाली वाकून दारातून आत गेली.