दोनाला दोन जुळलं

धम्मानंद ढोके सर लिमिट शिकवताना चालायचे. फळ्यापासून निघून दाराकडे. आधी मोठ्या ढांगा, मग अर्ध्या, मग पावली, आणि शेवटी चपलेचं टोक उंबरठ्याला लागतंय की नाही असं सरकत सरकत. तिथे थांबून ते मान वळवायचे.

"मी कुठे चाललो?"

"दाराकडे, सर!"

"पोहोचलो का?"

"नाही."

"मंग दाराकडेच चाललो हे तुमाले कसं समजलं?"

पोरं हसायची. सर हसायचे नाहीत. "आता समजा दार बंद आहे. समजा दार नाहीच, तिथे खड्डा आहे. माझं चालणं बदललं? नाही बदललं. तिथे काय आहे ते वेगळं, आणि तिकडे जाता जाता काय होऊन राहिलं ते वेगळं. हे दुसरं म्हणजे लिमिट."

सर हुडकेश्वरला दोन खोल्यांत आईसोबत राहायचे. जन्म जरीपटक्याचा, वडील शिंपी. एमएस्सी झालं, प्राध्यापकीची सेट परीक्षा झाली, पण कायमची जागा काही निघाली नाही. निघाली तर मुलाखतीत अडली. वयाच्या अडतिसाव्या वर्षीही ते कॉलेजात तासिका तत्त्वावरच होते. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, आणि पुढच्या सेमिस्टरला बोलावतील की नाही हे विभागप्रमुखांच्या एका सहीवर. म्हणून संध्याकाळी प्रताप नगरात रोहित बोंद्रेच्या कोचिंग क्लासमध्ये बारावीची पोरं. तिथे सर चालायचे नाहीत. व्यासपीठ लहान, पोरं शंभराच्या वर, आणि एका प्रश्नाला एक मिनिट.

सिंधूताई, त्यांची आई, शेजारणीला सांगायची, "माहा पोरगा सकाळी एक मास्तर राहते न संध्याकाळी दुसरा. डब्बा मात्र एकच नेते."

दिवाळीनंतर बीएस्सी पहिल्या वर्षाची अंतर्गत परीक्षा आली. पेपर सरांनी काढायचा होता. दरवर्षीचा पेपर त्यांच्याकडे होताच: वर x वर्ग वजा चार, खाली x वजा दोन, दोनापाशी लिमिट काढा. पोरं पटकन वरचे अवयव पाडतात, कंस काटतात, चार लिहितात. पण मागच्या आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं होतं, "दोन टाकला तर खाली शून्य येते. मग तुम्ही तो कंस काटला कशाच्या भरवशावर?" एक जण म्हणाला, "सर, काटतातच ना." हे 'काटतातच ना' सरांच्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून या वेळी त्यांनी तीन प्रश्न बदलले. एकात विचारलं की दोनापाशी फलनाची, म्हणजे फंक्शनची, किंमत सात आहे, पण दोन्ही बाजूंनी जवळ जाताना किमती तीनकडे जातात. तर लिमिट किती? दुसऱ्यात कंस काटण्याचं कारण मागितलं. आणि तिसरा हा: एकपर्यंत, एक धरून, फलन x वर्ग. एकाच्या पुढे ते दोन x अधिक तीन. हे फलन एकापाशी डिफरन्शिएबल आहे का, म्हणजे तिथे त्याला एक ठरावीक चढ काढता येतो का? कारण द्या.

पेपर तपासताना सर आईला म्हणाले, "सात लिहिलं सगळ्यांनी."

"मंग सातच असंन."

"तीन आहे, मा."

"तू म्हनशीन तसं," सिंधूताई म्हणाली आणि वरणाला फोडणी घातली.

तिसऱ्या प्रश्नाला तर जवळजवळ सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं होतं. x वर्गाचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे चढ, दोन x, एक टाकला, दोन. दोन x अधिक तीनचं डेरिव्हेटिव्ह, दोन. दोनाला दोन जुळलं, म्हणून डिफरन्शिएबल. कोणी फलनाची किंमत तपासलीच नव्हती. डावा तुकडा एकापाशी एक या उंचीवर संपतो आणि उजवा पाचावरून सुरू होतो. जे फलन तिथे तुटलेलंच आहे, ते तिथे डिफरन्शिएबल कुठून असणार?

अर्धा वर्ग नापास झाला. दोन दिवसांत अर्ज प्राचार्यांकडे गेला: पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा, प्रश्न फसवे. अर्जावर पहिली सही वर्गाच्या प्रतिनिधीची, काजल सहारेची. बारावीला गणितात सत्त्याण्णव.

विभागप्रमुख वैदेही मॅडमनी सरांना बोलावलं. मॅडम गणिताच्या चांगल्या होत्या, हीच अडचण होती.

"प्रश्न सुंदर आहे ढोके," त्या म्हणाल्या. "मी असते तर मीही हाच काढला असता. बावीस वर्षांपूर्वी."

"मग तर झालंच की, मॅडम."

"काय झालं? प्राचार्य काय विचारतात माहीत आहे? निकाल किती. पुढच्या वर्षी ॲडमिशन किती. तुमचा तिसरा प्रश्न किती तुटका आहे हे नाही विचारत."

"प्रश्न तुटका नाही, फलन तुटकं आहे."

"तेच ते." मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. हे तीन प्रश्न वर्गाच्या पातळीला धरून नव्हते, रद्द करावेत, सगळ्यांना पूर्ण गुण द्यावेत. मी पुढच्या सेमिस्टरच्या यादीत तुमचं नाव घालते. तीन वर्ग देते. नाही लिहिलं तर मी काही करू शकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

"मी चुकीचं लिहून देणार नाही."

"विचार करा. उद्या सकाळी सांगा."

सर स्टाफरूममध्ये येऊन बसले. थोड्या वेळाने दाराशी काजल. हातात तपासलेली उत्तरपत्रिका.

"मे आय कम इन सर? मले हा तिसरा प्रश्न समजून नाही राहिला. तुम्ही शून्य दिला."

"अर्ज दिला ना तुम्ही? मग आता काय विचारतेस?"

"अर्ज सगळ्यांचा आहे. हे माहं आहे."

सरांनी खुर्ची ओढून दिली. "चित्र काढ."

"कशाचं?"

"दोन्ही तुकड्यांचं."

काजलने काढलं. एकापर्यंत वर चढणारा वक्र, एक या उंचीवर थांबला. मग दुसरी रेघ काढायला हात उचलला आणि पेन बराच वर नेऊन टेकवलं. पाचावर. तिथून रेघ पुढे गेली. दोन तुकड्यांच्या मधे कागद कोरा.

"आता या पुलावरून गाडी घेऊन जा," सर म्हणाले.

"कशी नेऊ? मधे पूलच नाही न."

"चढ तर दोन्हीकडे सारखाच आहे की. दोन आणि दोन."

काजलने दोन्ही तुकड्यांशेजारी दोन-दोन लिहिलं. सर म्हणाले, "सूत्र सोड. व्याख्येने कर. एकाच्या जरासं पुढे जा. एक पॉइंट एक. फलन किती?"

"पाच पॉइंट दोन."

"त्यातून एकापाशीची किंमत वजा कर. पॉइंट एकने भाग."

तिने केलं. "बेचाळीस?"

"आणखी जवळ जा. एक पॉइंट शून्य एक."

"चारशे दोन." तिने पेन ठेवलं. "सर, हे तर वाढूनच राहिलं. दोन येतच नाही."

"नाही येणार."

ती चित्राकडे बघत राहिली. कॅन्टीनच्या बाजूने कोणीतरी तिचं नाव घेऊन ओरडत होतं, तिने लक्ष दिलं नाही. मग अगदी हळू म्हणाली, "पण सर, तुम्हीच सांगितलं होतं न."

"काय?"

"रोहित सरांच्या क्लासमध्ये. मी होती ना मागच्या वर्षी, तिसऱ्या बॅचला. तुम्ही म्हणे, दोन्हीकडचं डेरिव्हेटिव्ह काढा, पॉइंट टाका, जुळलं की डिफरन्शिएबल, पुढे चला. कंटिन्युइटी, तुकडे जुळतात का ते, पाहत बसू नका, पेपरात ती दिलेलीच राहते." तिला आवाजात तक्रार आणायची नव्हती, तरी आली. "तुमच्या त्या ट्रिकवर माहे किती प्रश्न बरोबर आले. आमच्या वर्गातले कितीतरी जण तिथलेच आहेत, सर."

सरांना ते वाक्य आठवलं. आठवावं लागलंच नाही. काल संध्याकाळीही क्लासमध्ये ते हेच बोलले होते.

"काहून असं सांगितलं मग?" काजलने विचारलं.

"एक मिनिट होता," सर म्हणाले.

ती उठली. दाराशी थांबली. "मी अर्जावरची सही काढून घेते. माहे मार्क नका वाढवू. पण हा प्रश्न राहू द्या. मले पहिल्यांदा काहीतरी दिसलं."

दुसऱ्या दिवशी सर मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले आणि कागद मागितला. मॅडमना आश्चर्य वाटलं.

"काल तर म्हणत होता..."

"मीच त्यांना चूक शिकवली, मॅडम. त्या चुकीबद्दल मीच त्यांना नापास कसं करू?"

"मग तसंच लिहा ना."

"तसं लिहिलं तर?"

वैदेही मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तसं लिहिलं तर यादीत नाव घालता येणार नाही."

सरांनी पेन उघडलं. लिहिलं: सदर तीन प्रश्न वर्गाच्या पातळीस अनुसरून नसल्याने रद्द करण्यात यावेत. खाली सही. मॅडमनी कागद वाचला आणि चहा मागवला. चहा दोघांनीही अर्धा ठेवला.

दुपारी सूचना फलकावर लागली: तीन प्रश्न रद्द, सगळ्यांना पूर्ण गुण. पोरांनी कॉरिडॉर डोक्यावर घेतला. अपूर्व नावाचा पोरगा काजलच्या खांद्यावर चापट मारून ओरडला, "काय वं काजल! शून्य कुठे गेला तुहा? तुहंच उत्तर बरोबर होतं म्हणजे! सरांनी लिहून दिलं ना!"

"माहं उत्तर चूकच होतं."

"चूक असतं तर रद्द काहून केला असता? येडी!"

काजल ढोके सरांच्या मागे गेली. जिन्यात गाठलं. "सर, ते दोन तुकडे जुळत नाहीत, हे खरं आहे न?"

"खरं आहे."

"मग कागदावर असं काहून लिहिलं?"

सरांच्या हातात हजेरीपुस्तक होतं. ते त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "तास आहे," ते म्हणाले आणि वर गेले.

संध्याकाळी प्रताप नगरच्या क्लासात नेमका तसाच प्रश्न आला, फक्त आकडे वेगळे. सरांनी फळ्याकडे पाहिलं. "आधी बघा, दोन्ही तुकडे एकमेकांना लागतात का," ते म्हणाले. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, ऑप्शन सांगा न." काचेपलीकडून रोहितने मनगटावर बोट टेकवलं. सरांनी दोन्हीकडचं डेरिव्हेटिव्ह काढलं, बिंदू टाकला, आणि म्हणाले, "बी."

पुढच्या सेमिस्टरला त्यांना तीन वर्ग मिळाले. त्याच्या पुढच्या वर्षीही. अंतर्गत परीक्षेत ते x वर्ग वजा चार विचारत आले आणि निकाल चांगला लागत आला. सिंधूताईने शेजारणीला सांगणं बदललं: "आता दोन्हीकडे एकच मास्तर जाते."

काजल दुसऱ्या वर्षाला गेली. जुलैत एकदा ती पहिल्या वर्षाच्या वर्गावरून चालली होती. आत लिमिट चालू होतं. सरांचा आवाज ओळखून ती दाराबाहेर, भिंतीला टेकून थांबली. आता सर फळ्यापासून निघतील, ढांगा लहान होत जातील, चपलेचं टोक उंबरठ्याशी येईल आणि मान वळेल.

आतून खडूचा आवाज येत राहिला. "वरचे अवयव पाडा. कंस काटा. दोन टाका. उत्तर चार. उतरवलं?"

"हो सर."

काजल आणखी थोडी थांबली. उंबरठ्यापाशी कोणी आलं नाही. मग ती आपल्या तासाला गेली.