वाचलेल्या व्यक्तीची सही

आरिफा मुलाणी आमच्या शाखेत आली तेव्हा मी मनात म्हटलं, आणखी एक बोलकी बाई. मी रोखपाल आहे. माझ्या काचेमागे नोटा बोलतात आणि माणसं गप्प बसतात, मला तेच बरं वाटतं. आरिफाच्या टेबलाशी मात्र कायम दोन-चार माणसं उभी. पासबुक भरून घ्यायला आलेला माणूस तिला म्हशीचं दुखणं सांगून जायचा. घोटावड्याच्या आमच्या शाखेत अर्धे खातेदार शेतकरी आणि अर्धे कारखान्यातले परप्रांतीय कामगार. ती एकाशी मावळातलं बोलायची, दुसऱ्याशी हिंदीत. वडील अलाउद्दीन यांचं पौडच्या बाजारात बियाण्यांचं दुकान होतं. ते वारले आणि दुकान भावाकडे गेलं, पण गिऱ्हाइकाला बसवून त्याचं ऐकून घ्यायची त्या दुकानातली सवय ती आमच्याकडे घेऊन आली. माझी रांग त्या सवयीपायी खोळंबायची आणि मी कुरकुरायचो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे मी तिचे गोडवे गातोय असं वाटेल.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयाने खातेदारांना नोटिसा पाठवल्या. पती-पत्नीचं जोडखातं असेल आणि त्यातलं एक वारलं असेल, तर मयताचं नाव कमी करून घ्या, एवढंच सांगायचं होतं. 'दोघांपैकी कोणीही' अशा खात्यात एक गेला तरी दुसऱ्याचा हक्क कुठे जात नाही. मृत्यूचा दाखला आणायचा, एका अर्जावर सही करायची, काम झालं. पण मूळ मजकूर वकिलांनी इंग्रजीत लिहिला, त्याचं मराठी संगणकाने केलं, आणि आमच्यापर्यंत आलं ते असं:

'आपल्या संयुक्त खात्यातील एका धारकाचा मृत्यू बँकेच्या नोटिशीत आला आहे. आपल्या नुकसानीबद्दल बँक दिलगीर आहे. वाचलेल्या व्यक्तीने या नोटिशीच्या पावतीपासून तीस दिवसांच्या आत मृत्यूचा पुरावा सादर करून आपला दावा स्थापित करावा. असे करण्यात अपयशी ठरल्यास खात्यातील पुढील परिचालन थांबविले जाईल.'

मी वाचलं आणि हसलो. नुकसान व्हायला मृत्यू म्हणजे काय टेम्पोला पडलेला पोचा आहे? आरिफा हसली नाही. हे पत्र ज्या घरात जाणार त्या घरात कुणीतरी गेलेलं आहे, एवढंच ती म्हणाली.

त्यातलं एक पत्र गोजराबाईच्या घरी गेलं. तिचा नवरा कुशाबा दोन वर्षांपूर्वी पिरंगुटच्या घाटात गेला. दोघं मोटारसायकलवरून तिच्या माहेरी बारशाला निघाली होती. मागून ट्रकने धडक दिली. कुशाबा जागच्या जागी गेला, ती कडेच्या गवतात पडली आणि खांद्याच्या हाडावर निभावलं. मूलबाळ नाही. घरात आता ती आणि सासू सगुणाबाई. शेतात बांधलेल्या चार खोल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या, आणि ते भाडं त्याच जोडखात्यात यायचं. दोघींचं पोट त्यावर होतं.

तीस दिवस गेले, ती आली नाही. केवायसीसाठी फिरलेल्या माणसाने कुशाबाच्या नावापुढे 'मयत' असा शेरा मारलेला, त्यामुळे मुदत संपताच खात्यातून पैसे काढणं बंद झालं. भाडं जमा व्हायचं, पण हाती काही यायचं नाही. आरिफाने दोनदा निरोप धाडला. शेवटी एका मंगळवारी ती आली. हातात ती नोटीस होती, चार घड्या घातलेली. आरिफाने तिला खुर्ची दिली, अर्ज पुढे ठेवला, सही कुठे करायची ते दाखवलं. सहीच्या रेघेखाली छापलेलं होतं: 'वाचलेल्या व्यक्तीची सही'.

गोजराबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

आरिफा तिला समजावू लागली. नुकसान म्हणजे पैसे बुडाले असं नव्हे, पैसे जसेच्या तसे आहेत. पुरावा म्हणजे पोलिसांचा नव्हे, ग्रामपंचायतीचा दाखला. दावा म्हणजे कोर्टकचेरी नव्हे. बाई सगळं ऐकत होती. पैसे बुडाले असं तिला वाटलं होतं खरं, पण अडलं होतं दुसरीकडेच. मला वाटलं, बाईला अक्षर नीट लागत नसेल. मी माझ्या खिडकीतून ओरडलो, की मावशी, सही करून टाका, लोक थांबलेत. आरिफाने माझ्याकडे असं बघितलं की मी नोटा मोजायच्या यंत्रात तोंड घातलं.

मग गोजराबाई बोलली. आवाज खालीच होता, पण शाखा एवढीशी. सगळ्यांनी ऐकलं.

"आत्याबाई रोज त्येच म्हन्त्यात. माझा ल्योक ग्येला आन् ही वाचली. पान्याला गेले तरी, भाकरी खाल्ली तरी, ही वाचली. दाखला त्यांच्या पेटीत हाय, मागितला तर म्हन्त्यात, तुला कशाला, तू तर वाचलीस. आता ब्यांकेनं बी तसंच लिवलं. हितं सही केली म्हंजी मी कबूल केल्यावानी व्हतंय."

आरिफाने पेन घेतलं आणि 'वाचलेल्या' हा शब्द खोडून वर 'हयात' लिहिलं. बँकेचा रूढ शब्द तोच. गोजराबाई म्हणाली, हयात म्हंजी पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचा दाखला, त्यो न्हवं. तेवढ्यात आमचे व्यवस्थापक दादासाहेब बाहेर आले. छापील अर्जावर खाडाखोड चालत नाही, हिशेब तपासणीत अडकेल, असं त्यांनी सांगितलं. ते वाईट नाहीत, पण तपासनिसाला ते देवापेक्षा जास्त घाबरतात.

आरिफाने पेन बाजूला ठेवून तिलाच विचारलं, "मग तुमी काय म्हनाल, मावशी?"

गोजराबाईने नोटिशीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"मी वाचले न्हाई, पोरी. मी मागं राहिले."

एवढं बोलून ती उठली, नोटीस तिथेच ठेवून गेली. सही झालीच नाही. पुढच्या गिऱ्हाइकाने पुढे केलेली पैसे भरायची पावती मी दोनदा चुकीची वाचली.

त्या दिवसापासून आरिफा त्या पत्राच्या मागे लागली. मुख्य कार्यालयात सायली नावाची मुलगी हे काम बघते. आरिफाने तिला आधी फोन केला. सायली म्हणाली, इंग्रजी 'सर्व्हायव्हर'चा शब्दकोशात 'वाचलेला' हाच अर्थ आहे, मी स्वतः पडताळलाय. आरिफा म्हणाली, अपघातातून माणूस वाचतो, पुरातून वाचतो. नवरा गेल्यावर बायको वाचत नाही. मग सायलीने, बिचारीने, सरळ सांगून टाकलं की असली साठ पत्रं एका आठवड्यात बाहेर काढायची होती, आणि संगणकाने दिलेलं मराठी व्याकरणात बरोबर दिसत होतं. लेखी पाठवा, मी वरपर्यंत नेते, असंही म्हणाली, आणि तिने खरंच नेलं.

आरिफाने लेखी पाठवलं. तिचं ते टिपण मी वाचलंय. त्यात कुणाची चूक काढलेली नव्हती. प्रत्येक वाक्यासमोर फक्त लिहिलं होतं, की हे ऐकून आपल्या खातेदाराला काय वाटेल, आणि खाली तेच साध्या मराठीत, 'वाचलेल्या'च्या जागी गोजराबाईचाच शब्द घेऊन. वकिलांनी खोडा घातला. 'मागे राहिलेला' या शब्दाला कायद्यात आधार नाही म्हणे. तीन आठवडे पत्रापत्री चालली. तोवर गोजराबाईने किराणा उधारीवर आणला, आणि मी एकदा चहा पिताना आरिफाला म्हटलं, एका शब्दासाठी बाईला उपाशी मारताय तू आणि ती सायली. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं आणि ते मला रागावूनच सांगता येतं. ती म्हणाली, मी रोज सांगतेय गोजराबाईंना की जुन्याच अर्जावर सही करून टाका. ती करत न्हाई.

शेवटी तोडगा निघाला. नियमांच्या कलमात 'मागे राहिलेला, म्हणजे हयात, खातेदार' असं एकदा लिहायचं आणि पुढे सगळीकडे नुसतं 'मागे राहिलेला'. नवं पत्र आलं ते असं:

'श्री. कुशाबा यांचे निधन झाल्याचे समजले. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खात्यातले पैसे सुरक्षित आहेत आणि त्यांवरचा आपला हक्क कायम आहे. खात्यावरून त्यांचे नाव कमी करण्यासाठी मृत्यूचा दाखला आणि सोबतचा अर्ज घेऊन, हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत शाखेत यावे. नाव कमी झाल्यावर आपल्याला पूर्वीसारखे पैसे काढता येतील.'

पण दाखला अजून सासूच्या पेटीतच होता. पंचायतीतून दुसरी प्रत मिळते, असं मी सुचवलं. आरिफा नको म्हणाली, तो सासूच्या हातूनच यायला हवा. शनिवारी शाखा बंद झाल्यावर ती पत्र आणि अर्ज घेऊन त्यांच्या घरी निघाली, आणि रस्ता मला माहीत म्हणून मला गाडी काढावी लागली. निदान दादासाहेबांना मी कारण तसंच सांगितलं.

सगुणाबाई ओट्यावर बसली होती. आम्ही बँकेतले म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. गोजराबाई दाराशी उभी राहिली, पुढे आली नाही. आरिफा म्हातारीच्या शेजारी, खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, की बँकेचं पत्र आलंय, तुमाला वाचून दाखवते. आरिफाने वाचलं, सावकाश. कुशाबाचं नाव आलं तेव्हा म्हातारीने पदर तोंडाला लावला. पत्र संपल्यावर आरिफाने अर्ज उघडला आणि सहीच्या रेघेखालचं वाचलं, 'मागे राहिलेल्या खातेदाराची सही'.

"काय म्हनली?" म्हातारीने विचारलं.

आरिफाने पुन्हा वाचलं.

समोर भाताचं खाचर होतं, म्हातारी तिकडे बघत होती. मला वाटलं, आता शिव्या येतात. सुनेच्या नावाने ती गावभर काय बोलते ते मी ऐकून होतो. तिने मान वळवून दाराकडे बघितलं. सून तिथेच उभी होती, भिंतीला हात लावून.

"मागं तर मी बी राहिले," म्हातारी म्हणाली.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा दाखला तिच्या हातात होता. तो आरिफापुढे न धरता तिने गोजराबाईच्या हातात दिला.

"हितं माझ्यापाशी बसून कर सही," ती म्हणाली. "उभ्यानं नगं."

गोजराबाई तिच्याशेजारी बसली. टेकवायला खाली काही नव्हतं, म्हणून म्हातारीने अर्जाचा कागद खालून दोन्ही हातांनी धरून ठेवला.