कऱ्हाडातला अर्धा र

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील आचारी. शिराळ्याच्या आसपासच्या गावांत लग्न असलं की डेगी, झारे घेऊन जायचे. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि कऱ्हाडात एका डीटीपीच्या दुकानात, कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला, लागले. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुकान छोटं, मशीन एकच, लेझर प्रिंटर एकच. मशीन जुनं झालं म्हणून मालकांनी सांगलीच्या एका विक्रेत्याकडून नवं घेतलं. त्यावर पंच्याण्णवची विंडोज. सौदा असा, की जुनं मशीन तो बदल्यात घेऊन जाणार. तो दुपारी व्हॅन घेऊन आला. नवं मशीन मांडलं, प्रिंटरची केबल जोडली, फ्लॉपी घालून मराठीचे फॉन्ट टाकले आणि ऐटीत टाइप केलं : कमल, नमन, भारत. झकास उमटलं.

"बघा साहेब, मराठी चालू. चारला निघतो मी. जुनं मशीन उचलू?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना टायपिंग येत नव्हतं. "ही बघंल आधी. हिनं हो म्हटलं की न्या."

त्यांनी उगीच म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पाणीपुरवठा संस्थेचा वार्षिक अहवाल छापखान्यात द्यायचा होता. चाळीस पानं, सगळी माझ्या हातची, फ्लॉपीवर. शेवटचं प्रूफ बघायला संस्थेचे चिटणीस त्याच दिवशी पाचला येणार होते. मागच्या वर्षी सांगलीतल्या एका छपाईवाल्यानं त्यांच्या अहवालात चुका ठेवल्या, म्हणून काम आमच्याकडे आलं होतं. आम्ही चुकलो असतो, तर ते परत सांगलीला गेलं असतं.

माझ्याकडे एक कागद होता. टायपिंग क्लासपासून सवय : अवघड अक्षरांचे शब्द एकाखाली एक लिहून ठेवायचे. ज्ञान, श्रम, हृदय, ट्रॅक्टर, विळा, रुपया, रूप, आणि सगळ्यात वर कऱ्हाड. मी पहिलाच शब्द टाइप केला. त्यातला अर्धा र, तो विळ्यासारखा आडवा, कळफलकावर सरळ मिळत नसे. आल्ट दाबून उजवीकडचे चार आकडे मारावे लागत. ते आकडे मी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवले होते.

पडद्यावर आलं : कहाड.

परत मारले. कहाड. आकड्यांच्या कळांचा नम लॉक चालू आहे का पाहिलं. होता. मग अहवालाची फ्लॉपी घातली. पहिल्याच पानावर, "शेतकयांना पाणी वेळेवर." पुढे "अधिकायांनी", "दुसया टप्प्यात". विळा सगळीकडून गायब.

"अहो, हे बघा," मी म्हटलं.

विक्रेता वाकला. "एवढंच? मॅडम, रफार टाका की. शेतकर्यांना. कोण बघतंय?"

"मी बघते."

"वाचणारा समजून घेतो हो."

मालकही जरा पाघळले. "चालंल का गं तसं?"

मी नव्या मशीनवर त्याच्याच पद्धतीनं, रफार देऊन, एक ओळ टाइप केली आणि छापून मालकांच्या हातात दिली. "आचार्यांना पुढच्या रांगेत बसवावे व आचार्यांना मागच्या दाराने भांडी द्यावीत."

मालकांनी दोनदा वाचलं. "कुणाला बसवायचं आन् कुणाला भांडी द्यायची?"

"तेच म्हणते मी. पहिले गुरुजी. दुसरे माझे वडील. त्या एका विळ्यावर दोघांच्या जागा ठरतात. माझे वडील आचारी आहेत, आचार्य नव्हेत, आणि त्यांचं त्यांना काही कमी वाटत नाही."

मालक खो खो हसले. विक्रेताही हसला, पण घड्याळाकडे बघत. "फॉन्ट तोच आहे, मॅडम. नाव बघा, सेम टू सेम."

नाव तेच होतं खरं. म्हणून मी जुनं मशीन परत चालू करायला लावलं. त्याच्यावर तेच चार आकडे मारले. कऱ्हाड! विळा जागच्या जागी. मग दोन्ही मशीनवर त्या फॉन्टची फाईल शोधली. नाव एक, पण आकार वेगळा आणि तारीख वेगळी.

"तुमच्या फ्लॉपीवरचा कुठला?"

तो जरा ओशाळला. "नवी आवृत्ती आहे ती. सुधारलेली. आमची हिंदीची कामं जास्त असतात..."

"हिंदीला हा विळा लागत नाही, म्हणून सुधारताना आमचा र गाळला."

म्हणजे अक्षरं बाकी जिथल्या तिथं, फक्त त्या आकड्याचं घर रिकामं. कमल, नमन, भारत लिहून ते कधी कळलंच नसतं. आणि खरा फॉन्ट फक्त त्या जुन्या मशीनमध्ये होता. आमच्या मूळ फ्लॉपीला बुरशी लागून दोन पावसाळे झाले होते. व्हॅन चारला निघाली असती, तर आमचा अर्धा र तिच्यातून सांगलीला गेला असता.

मी जुन्यातून फॉन्टची फाईल कोऱ्या फ्लॉपीवर घेतली आणि नव्यात टाकायला गेले. मशीन म्हणालं, हा फॉन्ट आधीच आहे. विक्रेत्याला म्हटलं, तर त्यानं खांदे उडवले. मग डोक्यात आलं : नाव एकच, तर मशीनला दोन कसे चालतील? आधीचा फॉन्ट फोल्डरमधून काढून टाकला, मग आपला टाकला, मशीन बंद करून चालू केलं आणि चिठ्ठीतले चार आकडे मारले.

कऱ्हाड.

मी खुर्चीतच टाळी वाजवली. मालक म्हणाले, "हळू गं, मशीन नवं आहे."

तरी मी कागदावरचा एकूण एक शब्द तपासला, छापून तपासला, मग अहवालाची चाळीस पानं काढली. विक्रेता बाकावर बसून चहा पीत राहिला. चार कधीच वाजून गेले होते.

चिटणीस पाचला आले. फौजेतून निवृत्त झालेले, पाठ ताठ. पानावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे. "शेतकऱ्यांना... अधिकाऱ्यांनी... दुसऱ्या..." मी त्यांच्या बोटामागून वाचत होते. शेवटचं पान संपलं, तसं त्यांनी चष्मा काढला.

"ताई, येक चूक न्हाई. सांगलीला चकरा मारायचं सुटलं बगा. फुडच्या सालचंबी तुमीच करायचं."

मालकांनी विक्रेत्याकडे वळून सांगितलं, "न्या आता जुनं मशीन. हिनं हो म्हटलंय." फॉन्टची फ्लॉपी मात्र त्यांनी स्वतःच्या कपाटात, कुलपात ठेवली.

जाताना विक्रेता दारात घुटमळला. "मॅडम, तो शब्दांचा कागद... झेरॉक्स मिळंल का? बाकी गिऱ्हाइकांकडं पण तपासून द्यावं म्हणतो."

मी दिली. देण्याआधी मूळ कागदावर खाली हातानं दोन शब्द वाढवले : आचार्यांना, आचाऱ्यांना.

त्या आठवड्यात घरी गेले, तेव्हा तोच कागद वडलांपुढे धरला आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांना अक्षर जेमतेम लागायचं. त्यांनी दोन्ही शब्दांवरून बोट फिरवलं, विळ्यापाशी थांबले.

"ह्यो मी व्हय?"

"व्हय, आण्णा."

"मग ब्येस हाय," ते म्हणाले. "हातात काय तरी हाय त्येच्या. त्यो दुसरा मोकळाच हुबा हाय."