काजलच्या लग्नातलं हसू

जळगाव जामोदला मेहबूबचा फोटो स्टुडिओ. माणूस हाताचा पक्का. ग्रुप फोटोत एखाद्याचे डोळे मिटले असले, तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे असे बसवायचा की खुद्द त्या माणसाला पत्ता लागू नये. या कलेचा त्याला भारी तोरा होता.

त्या साली कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. तरी बियाणेवाल्या दयारामला पुढच्या हंगामाच्या जाहिरातीचा बॅनर हवा होता. सोनाळ्याच्या किसनरावांचा त्यांच्याच शेतातला फोटो घेऊन तो आला. हातात बोंड, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले.

"हा त मयतीले आल्यावानी दिसते. हसव याले," दयाराम म्हणाला.

किसनरावांच्या मुलीच्या, काजलच्या लग्नाचे फोटो मेहबूबनेच काढले होते. त्यातलं दात दाखवणारं हसू उचलून त्याने शेतातल्या चेहऱ्यावर बसवलं. आठ्या तशाच, डोळे तसेच आणि खाली बत्तिशी! माणूस वेडावून दाखवतोय असं वाटायला लागलं. मग त्याने पाठवणीच्या वेळचं, मिटल्या ओठांचं मंद हसू निवडलं. ओठांचे कोपरे जरा खाली ओढले, शेतातल्या उन्हाशी जुळावं म्हणून एक गाल काळपट केला. ते मात्र जमलं. थकलेला माणूस बरं बोलायला बघतोय, एवढंच त्यात दिसत होतं.

"दात दिसू दे बे!" दयाराम खेकसला.

अळीची गोष्ट मेहबूबला ठाऊक होती. तरी त्याने मान डोलावली. लग्नातले बारीक झालेले डोळे आणि वर चढलेले गालही उचलले, कपाळाच्या आठ्या पुसल्या. आता हसू इतकं खरं दिसत होतं की तो स्वतःच्याच हातावर खूश झाला. तेवढ्या खुशीची पुढे त्याला फार लाज वाटली.

बॅनर सोनाळ्याच्या स्टँडवर लागला. शेतांत किडकी बोंडं आणि वर किसनराव खदखदा हसतायत. गाव त्यांना टोचून बोलू लागलं: "किती पैसे भेटले हो हसायचे?" किसनरावांनी स्टँडवर जाणंच सोडलं.

हे मेहबूबच्या कानावर आलं. स्वतः जाऊन त्याने बॅनर उतरवला. त्यापायी दयारामच्या शिव्याही खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी किसनराव स्टुडिओत आले. मेहबूब उठून उभा राहिला. वर बघायची छाती होईना.

"काका, माह्या हातून लय वाईट झालं. माफ करा."

किसनराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कॉम्प्युटरकडे बघत राहिले आणि दबकत म्हणाले,

"ते जाऊ दे बापू. आमच्या काजलच्या लग्नातल्या फोटोत ते हसू अजून हाय ना? का काढून घेतलं तिथून?"

मेहबूबने तो फोटो उघडून दाखवला. काजलच्या शेजारी किसनराव पोटभर हसत होते.

"हाय," किसनराव म्हणाले. "हे मात्र कोनाले देऊ नको."