रेझ्युमेमधली तिसरी ओळ

नांदेडची आमची कंपनी महिनाअखेर बंद होणार होती. मी खोली सोडून चाकूरला घरी आले होते आणि दुपारी एका मोठ्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. बाजारभावाचं आमचं ॲप हाच माझा सगळा अनुभव. रेझ्युमेत चार ओळी ठसठशीत लिहिल्या होत्या: महिन्याऐवजी पंधरवड्याला नवं रिलीज, डाउनलोड लाखावर, क्रॅश निम्म्याहून कमी, स्टोअरवरचं रेटिंग तीनवरून सव्वाचार.

मुलाखतीला तासभर असताना ॲप दाखवायची तालीम करावी म्हणून बाबांचा मोबाईल मागितला. बाबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहेत, धान्य मापून देतात. मोबाईल जुना, त्यात मेमरी जेमतेम.

"ते ॲप तर कवाच काढलं, बाई," बाबा म्हणाले. "उघडलं की बंद पडायचं. मोंढ्यात लई जणांनी काढलं."

ॲप पुन्हा टाकलं, उघडलं, आणि ते बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच.

लॅपटॉपवर स्टोअरचे आकडे मोबाईलच्या मॉडेलनुसार लावून पाहिले. ज्या आठवड्यांत क्रॅश उतरले, त्याच आठवड्यांत स्वस्तातले जुने मोबाईल ॲप वापरणाऱ्यांच्या यादीतून गळाले होते. मला वाटत होतं, माझ्या दुरुस्तीचा तो गुण. क्रॅश ज्यांच्याकडे व्हायचे ते लोकच निघून गेले होते. स्टोअर अलीकडच्या मतांना जास्त वजन देतं आणि अलीकडची मतं उरलेल्यांचीच, त्यामुळे रेटिंगही चढलं. डाउनलोडच्या आकड्यातून तर कुणी काढून टाकलं तरी काही वजा होत नाही. खरी एकच ओळ उरली, पंधरवड्याच्या रिलीजची.

रेझ्युमे त्या मोठ्या कंपनीकडे कधीच पोचला होता. मुलाखतीत शिरताना पासवर्ड दोनदा चुकला. देवा, हे तेवढं विचारू देऊ नकोस त्यांना, असं मी खरोखर म्हटलं.

त्यांनी पहिलं तेच विचारलं. "क्रॅश कमी कसे केले?"

दुरुस्तीची गोष्ट तोंडपाठ होती आणि कुणाला कळलंही नसतं. पण बाबा दाराशी टेकून कौतुकानं ऐकत होते.

"मी कमी केले नाहीत, सर," मी म्हणाले. "ज्यांच्या मोबाईलवर व्हायचे, त्यांनी ॲप काढून टाकलं. मला हे तासाभरापूर्वी कळलं."

त्यांनी कशावरून कळलं ते विचारलं, मी सांगितलं, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "कळवतो," म्हणाले आणि पडदा काळा झाला.

मी तिथंच बसून राहिले. नोकरी गेली, असंच वाटत होतं.

बाबा आत आले. त्यांना सगळं कळलं नसावं, पण माझा चेहरा कळला होता. त्यांनी मोबाईलमधलं सिमकार्ड काढून खिशात टाकलं आणि मोबाईल माझ्यासमोर ठेवला.

"नीट होईस्तोवर ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," म्हणाले. "आन् झालं की मोंढ्यात सांगतो म्या, परत टाका म्हणून."